डीएलपी संपली, रिटेन्शन सुटत नाही: नेमकं कुठे अडकलंय ते शोधण्याचा क्रम

रिटेन्शन म्हणजे आपल्या प्रत्येक बिलातून हमी म्हणून कापून ठेवलेली रक्कम, आणि डीएलपी म्हणजे डिफेक्ट लायबिलिटीची मुदत, जिच्यात निघालेले दोष आपण दुरुस्त करून द्यायचे. मी पिंपरी-चिंचवडला प्लंबिंगची कामं घेतो. त्याआधी सात वर्षं एका मेन कॉन्ट्रॅक्टरकडे बिलिंगला होतो, म्हणजे ज्या टेबलावर तुमची फाइल पडून असते त्याच्या पलीकडच्या खुर्चीतही बसलोय. स्वतःची आणि ओळखीतल्या टाइलवाल्या, पेंटिंगवाल्या दोस्तांची मिळून पंधरा-वीस रिटेन्शनं सोडवून झाली. त्यातून एक गोष्ट कळली. दर वेळी पैसे बुडवायचा डाव असतोच असं नाही. बहुतेक वेळा फाइलमध्ये एखादा कागद कमी असतो, आणि तो कोणता हे कुणी आपणहून सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही तो आणून द्याल, मग पैसे द्यावे लागतील.

खाली जे लिहिलंय ते खासगी बिल्डरच्या कामाबद्दल आहे: वर बिल्डर, त्याच्याखाली मेन कॉन्ट्रॅक्टर आणि त्याच्याखाली आपण. सरकारी कामातलं सिक्युरिटी डिपॉझिट वेगळ्या नियमांनी चालतं, ते यात नाही.

लक्षणं

रिटेन्शन अडकलं की समोरून ठरावीक वाक्यं ऐकू येतात. ती नीट ऐका, कारण दुखणं कुठे आहे ते त्या वाक्यातच असतं.

- "तुमची डीएलपी अजून संपलेली नाही." तुम्ही तारीख चुकीच्या ठिकाणापासून मोजताय, किंवा ते.
- "आमच्या लेजरला एवढी रक्कम दिसत नाही." मधल्या काळात डेबिट पडलंय, किंवा रक्कम दुसऱ्याच खात्याला बसलीय.
- "फायनल बिल क्लोज नाही." तुम्हाला शेवटचं पेमेंट मिळालं असेल, पण कागदोपत्री ते अजून आरए बिलच, म्हणजे काम चालू असतानाचं हप्त्याचं बिलच आहे.
- "साइटवरून क्लिअरन्स आणा." आणि साइट तर वर्षापूर्वीच गुंडाळलेली असते.
- "क्लायंटकडून आम्हालाच आलेलं नाही." हे सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात शेवटी.
- फोनच उचलत नाहीत. याला लक्षण म्हणू नका. आधी पहिल्या चार गोष्टी तपासा, मग ठरवा.

तपासायचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवलाय. पहिल्या दोन तपासण्यांना एक दुपार आणि दोन चहा लागतात. तेवढं न करता थेट वकिलाकडे गेलेले लोक मी पाहिलेत. वकील फी घेतो आणि पहिला प्रश्न तोच विचारतो: वर्क ऑर्डर कुठाय?

१. डीएलपी कुठल्या दिवशी सुरू झाली?

वर्क ऑर्डर काढा. पहिलं पान नाही, मागच्या अटी. रिटेन्शनचं कलम आणि डिफेक्ट लायबिलिटीचं कलम ही दोन्ही शेजारी ठेवून वाचा, कारण अर्धं उत्तर एकात असतं आणि अर्धं दुसऱ्यात.

आपल्या डोक्यात असतं की आपलं काम संपलं त्या दिवसापासून बारा महिने. वर्क ऑर्डरमध्ये मात्र बऱ्याचदा लिहिलेलं असतं की मुदत मुख्य कामाच्या व्हर्च्युअल कम्प्लिशन सर्टिफिकेटपासून मोजायची, म्हणजे बिल्डरच्या आर्किटेक्टने संपूर्ण इमारतीसाठी दिलेल्या दाखल्यापासून. आपलं प्लंबिंग कधीच उरकलेलं असतं, पण लिफ्ट, पेंटिंग, बाहेरचे रस्ते यांत आणखी सहा-आठ महिने जातात. तेवढे महिने आपली डीएलपी सुरूच झालेली नसते.

माझ्या एका कामाचंच उदाहरण घेतो, पुढेही तेच वापरणार आहे. पुण्याच्या पश्चिमेला एक निवासी टॉवर होता. आमचं काम ३० जून २०२२ ला पूर्ण झालं. मी जुलै २०२३ मध्ये हौसेने पत्र दिलं, "बारा महिने झाले, रिटेन्शन सोडा." पत्र परत आलं नाही, उत्तरही आलं नाही. नंतर वर्क ऑर्डर उघडून वाचली तेव्हा कळलं की मुदत आर्किटेक्टच्या दाखल्यापासून आहे, आणि तो दाखला १८ जानेवारी २०२३ चा. म्हणजे डीएलपी १७ जानेवारी २०२४ ला संपणार होती. माझं पत्र सहा महिने आधी पोचलं होतं. घाईने दिलेल्या पत्राचा तोटा असा की पुढे बरोबर तारखेला पत्र दिलं तरी "अहो, याचं पत्र आधीच आलंय, पेंडिंगला आहे" म्हणून ते जुन्याच ढिगाऱ्यात जातं.

तो दाखला आपल्याकडे नसतो. तो मागायचा. मेन कॉन्ट्रॅक्टरच्या कॉन्ट्रॅक्ट विभागाला एका ओळीचा ईमेल करा: "कृपया आमच्या वर्क ऑर्डरच्या अमुक कलमासाठी व्हर्च्युअल कम्प्लिशन सर्टिफिकेटची तारीख कळवावी." रकमेचा विषय काढू नका. तारीख सांगण्यात कुणाचं काही जात नाही, म्हणून उत्तर येतं, आणि ते उत्तर पुढे तुमचा सगळ्यात कामाचा कागद ठरतं.

आणखी एक बघा. डीएलपीत एखादी मोठी दुरुस्ती झाली असेल, तर तेवढ्या भागाची मुदत दुरुस्तीच्या तारखेपासून पुन्हा मोजायची अट काही वर्क ऑर्डरमध्ये असते. ती असली तरी तेवढ्याच भागाला लागू होते. एका टॉयलेटच्या गळतीसाठी चोवीस मजल्यांचं रिटेन्शन आणखी वर्षभर धरून ठेवता येत नाही. हे त्यांनाही माहीत असतं. आपण विचारलं नाही तर मात्र ते चालून जातं.

२. रक्कम जुळते का?

सगळी आरए बिलं काढा आणि प्रत्येकातून रिटेन्शन म्हणून किती कापलं ते एका कागदावर उतरवा. मग मेन कॉन्ट्रॅक्टरच्या अकाउंट्सकडून तुमचं लेजर मागवा. "बॅलन्स कन्फर्मेशनसाठी हवंय" म्हणा, लगेच देतात.

माझ्या कामाचे आकडे असे होते. झालेलं काम, जीएसटी सोडून, ५८,४०,००० रुपये. रिटेन्शन ५ टक्के, म्हणजे २,९२,०००. त्यातलं निम्मं, १,४६,०००, काम पूर्ण झाल्यावर मिळालं होतं. उरलेलं निम्मं डीएलपीनंतर मिळायचं होतं. त्यांच्या लेजरला मात्र १,१९,५०० दिसत होते. फरक २६,५०० रुपयांचा, आणि तो दोन डेबिट नोटांचा निघाला: एक १८,००० ची, "८०४ मधील गळतीची दुरुस्ती त्रयस्थाकडून", आणि दुसरी ८,५०० ची, "सीपी फिटिंग तफावत". दोन्ही मला कधी पाठवलेल्याच नव्हत्या.

यात लक्षात घ्यायचं ते हे. डेबिट नोट पडल्या दिवशी कळली तर भांडता येतं, कारण साइट इंजिनिअर तिथेच असतो, फोटो मोबाइलमध्ये असतात. दीड वर्षाने कळली तर इंजिनिअर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. म्हणून रिटेन्शन पडून असेपर्यंत दर सहा महिन्यांनी लेजर मागवायची सवय मी लावून घेतलीय.

लेजरला "रिटेन्शन" आणि "विथहेल्ड" ही दोन वेगळी खाती असतात, तेही तपासा. टेस्ट रिपोर्ट दिला नाही, पीएफचं चलन दिलं नाही, अशा कारणांनी अडवलेली रक्कम विथहेल्डमध्ये जाते. तिचा डीएलपीशी काही संबंध नाही. तो कागद दिला की ती कधीही सुटायला हवी. एका टाइलवाल्या मित्राचे चाळीसेक हजार असे दोन वर्षं पडून होते. तो डीएलपी संपायची वाट बघत होता आणि तिकडे त्याच्या दोन महिन्यांच्या पीएफ चलनांची वाट बघत होते.

३. फायनल बिल खरंच फायनल आहे का?

ही तपासणी छोटी आहे. शेवटच्या मंजूर बिलावर "आरए ०९" लिहिलंय की "फायनल"? आरए लिहिलं असेल तर सिस्टीममध्ये तुमची ऑर्डर उघडीच आहे, आणि उघड्या ऑर्डरवरचं रिटेन्शन सोडायला अकाउंट्सचा माणूस धजावत नाही. असं असेल तर शून्य रकमेचं फायनल बिल द्या: एकूण मोजमाप, आधीची बिलं वजा, देय रक्कम शून्य, शिल्लक रिटेन्शन इतकं. सोबत मटेरियलचा हिशोब जोडा. त्यांनी पुरवलेले पाइप, फिटिंग, त्यातलं किती बसवलं, किती परत केलं, आणि परत केल्याची स्टोअरची चलनं. माझी ८,५०० ची डेबिट नोट इथेच अडकली होती. सहा अँगल व्हॉल्व्ह आणि काही नळ परत केल्याचं चलन माझ्याकडे नव्हतं. ते मी सोडून दिलं. चलन सांभाळलं नाही ही माझीच चूक होती.

४. साइटवर एक दिवस

आता खर्च सुरू होतो. एक माणूस, एक दिवस, आणि सोसायटीच्या वॉचमनशी हुज्जत.

डीएलपी संपल्याचा दाखला आपोआप मिळत नाही. संयुक्त पाहणी मागावी लागते. मेन कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, शक्य असेल तर बिल्डरच्या फॅसिलिटी टीमचा माणूस, आणि आपण. पाहणीची तारीख लेखी सुचवा, सात-आठ दिवसांची मुदत द्या, आणि "त्या दिवशी कुणी हजर न राहिल्यास आम्ही एकतर्फी पाहणी करून फोटोसह अहवाल देऊ" असं त्यातच लिहा. मुदत संपायच्या महिनाभर आधी ही पाहणी मागणं सगळ्यात चांगलं. तेव्हा एखादा दोष निघाला तर डीएलपीतच दुरुस्त होतो आणि कुणाला मुदत वाढवायला निमित्त उरत नाही.

पाहणीत काय बघायचं ते तुमच्या कामावर अवलंबून आहे. पण दोष कुणाचा यावर वाद असेल तर तोंडाने भांडू नका, चाचणी करा. आमच्या ८०४ ची गोष्ट सांगतो. खालच्या ७०४ च्या टॉयलेटच्या छताला ओल आली होती आणि सगळ्यांनी बोट प्लंबिंगकडे दाखवलं. दुरुस्ती दुसऱ्याकडून करून १८,००० आमच्या खात्यावर मारले होते, पण ओल तशीच होती.

आम्ही आधी सप्लाय लाइनला हातपंपाने ७ किलोचा दाब दिला, दोन तास ठेवला. काटा हलला नाही. म्हणजे भिंतीतली लाइन सुटली. मग फ्लोअर ट्रॅपमध्ये पाइप धरून बराच वेळ थेट पाणी सोडलं, फरशीवर एक थेंब येऊ न देता. खाली काही नाही. म्हणजे ड्रेनेजही सुटलं. शेवटी ट्रॅपला बूच मारलं, फरशीवर लाल रंग टाकून इंचभर पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो. छताच्या कोपऱ्यात लालसर डाग उमटला होता. पाणी पाइपातून नाही, फरशीच्या सांध्यातून आणि खालच्या वॉटरप्रूफिंगमधून जात होतं. त्या कामाशी आमचा संबंध नव्हता. तिन्ही टप्प्यांचे फोटो तारखेसह काढले, फॅसिलिटीच्या माणसाची पाहणी अहवालावर सही घेतली.

सगळ्यात जास्त मोल त्या सहीला आलं. साइटचा इंजिनिअर सोडून गेलेला असतो, हेड ऑफिस "साइटचा क्लिअरन्स आणा" म्हणतं, आणि साइटवर कुणीच नसतं. अशा वेळी आज इमारत सांभाळणाऱ्या माणसाची "प्लंबिंगबाबत तक्रार प्रलंबित नाही" एवढी ओळ पुरते.

५. मागणीचं पत्र

इथपर्यंतचं झालं की पत्र लिहा. आधी नको. पत्र इंग्रजीत द्यायचं असलं तरी मजकुराचा क्रम हाच ठेवा:

> विषय: वर्क ऑर्डर क्र. … दि. … अन्वये उर्वरित रिटेन्शन रक्कम रु. १,४६,००० मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> वरील वर्क ऑर्डरनुसार आमचे काम दि. ३० जून २०२२ रोजी पूर्ण झाले असून फायनल बिल आपण मंजूर केले आहे. आपल्या दि. … च्या ईमेलनुसार व्हर्च्युअल कम्प्लिशन सर्टिफिकेटची तारीख १८ जानेवारी २०२३ आहे. वर्क ऑर्डरच्या कलम … नुसार डिफेक्ट लायबिलिटीची मुदत दि. १७ जानेवारी २०२४ रोजी संपली आहे.
>
> संयुक्त पाहणी दि. … रोजी झाली. आमच्या कामाबाबत कोणताही दोष प्रलंबित नाही. अहवाल सोबत जोडला आहे.
>
> आपल्या लेजरमधील रु. १८,००० ची वजावट आम्हास मान्य नाही. कारण व चाचणीचे फोटो परिशिष्ट २ मध्ये आहेत. रु. ८,५०० ची वजावट मान्य आहे.
>
> तरी रु. १,३७,५०० वर्क ऑर्डरमधील मुदतीत, म्हणजे ३० दिवसांत, आमच्या खात्यात जमा करावेत. रक्कम देय नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे.

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. "कृपया सहकार्य करावे" या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. "देय नसल्यास कारण लेखी कळवावे" लिहिलं की त्यांना दोनच वाटा उरतात: पैसे देणं, किंवा पुढे तुम्हाला उपयोगी पडेल असं काहीतरी लिहून देणं. "रक्कम देय आहे पण क्लायंटकडून येणं बाकी आहे" असं त्यांच्या सहीचं पत्र आलं तरी ते फायद्याचंच. का, ते खाली येतंय.

पत्र हेड ऑफिसला प्रत्यक्ष द्या, दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्या, आणि तेच त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा. साइट इंजिनिअरच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पत्र म्हणजे न पाठवलेलं पत्र.

पत्रासोबत नवीन इन्व्हॉइस जोडू नका

ही चूक इतक्या वेळा बघितलीय की तिला वेगळा मथळा दिलाय. तुम्ही आरए बिलांचे टॅक्स इन्व्हॉइस पूर्ण रकमेचे काढले असतील, म्हणजे रिटेन्शन कापण्याआधीच्या रकमेवर, तर त्या पूर्ण रकमेवर १८ टक्के जीएसटी तुम्ही तेव्हाच भरलेला आहे. आता रिटेन्शनसाठी पुन्हा टॅक्स इन्व्हॉइस काढला तर तोच कर दुसऱ्यांदा भरावा लागेल, आणि त्यांचा अकाउंटंट "हे बिल कशाचं?" म्हणून फाइल परत फिरवेल. साधं मागणीपत्र पुरतं. इन्व्हॉइस रिटेन्शन वजा करून काढले असतील तर गोष्ट वेगळी, मग आता इन्व्हॉइस लागतो. आपण कोणत्या गटात आहोत ते आठवणीवर सांगू नका, जुनं एक बिल काढून बघा.

टीडीएसचंही तसंच. मालकी फर्म असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के. तो साधारणपणे बिल खात्याला जमा करतानाच पूर्ण रकमेवर कापलेला असतो. रिटेन्शन सोडताना पुन्हा कापायला नको. तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसच्या तक्त्यात, त्या वर्षांचे आकडे बघा. पूर्ण रकमेवर टीडीएस दिसत असेल तर पत्रात एक ओळ टाका.

६. "क्लायंटकडून आलेलं नाही"

आता अवघड भाग. हे वाक्य खरं आहे की ढाल आहे, ते शोधायला तीन प्रश्न लागतात.

पहिला: वर्क ऑर्डरमध्ये तसं लिहिलंय का? "बॅक टू बॅक", म्हणजे वरच्या कराराच्याच अटी आपल्यालाही, असा शब्द कुठेतरी असतो, पण तो नेमका कशाला लागू आहे ते वाचा. कधी तो फक्त तांत्रिक अटींना आणि गुणवत्तेला असतो, पेमेंटला नाही. पेमेंटच्या कलमात "क्लायंटकडून रक्कम प्राप्त झाल्यावर" असं स्पष्ट नसेल तर त्यांचं क्लायंटशी काय चाललंय याच्याशी तुमचा संबंध नाही, आणि ते नम्रपणे लिहून कळवा.

दुसरा: त्यांचं रिटेन्शन खरंच अडकलंय का? पुष्कळ मेन कॉन्ट्रॅक्टर क्लायंटला बँक गॅरंटी देऊन आपलं रिटेन्शन आधीच उचलतात. मी बिलिंगला होतो तेव्हा आमच्या दोन साइटवर असंच झालं होतं, आणि सबकॉन्ट्रॅक्टरना आम्ही वर्षभर "क्लायंटकडून आलं नाही" सांगत होतो. तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं, कारण रिटेन्शन म्हणून काही आलंच नव्हतं. म्हणून प्रश्न नेमका विचारा: "क्लायंटने आपले रिटेन्शन रोखीने अथवा बँक गॅरंटीच्या बदल्यात सोडले आहे का?" हेच लेखी विचारा.

तिसरा: क्लायंटने अडवलं असेल तर कशासाठी? लिफ्टच्या भांडणासाठी किंवा उशिराच्या दंडासाठी अडवलं असेल तर त्यात तुमचा दोष नाही. तुमच्या कामाची तक्रार असेल तरच ते तुमच्यापर्यंत यायला हवं. कारण मागा, आणि शक्यतो क्लायंटच्या पत्राची प्रत मागा.

तिन्हींची उत्तरं तुमच्या विरुद्ध गेली, म्हणजे अट स्पष्ट आहे, पैसे खरंच आलेले नाहीत आणि गॅरंटीही नाही, तर तडजोड सुचवायला हरकत नाही. तुम्ही रिटेन्शनएवढी बँक गॅरंटी द्या आणि रोख रक्कम घ्या. पण त्यासाठी बँक मार्जिन अडकवून ठेवते आणि कमिशन घेते. दीड लाखासाठी हा उपद्व्याप परवडत नाही, पंधरा लाखांसाठी परवडतो.

आता घड्याळाकडे

वरचं सगळं करताना एक तारीख डोळ्यांसमोर ठेवा. थकलेल्या पैशांच्या दाव्याला १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टप्रमाणे साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि रिटेन्शनच्या बाबतीत ती रक्कम देय झाल्यापासून मोजली जाते. माझ्या उदाहरणात सुरक्षित बाजूने धरलं तर १७ जानेवारी २०२७. फोनवरची आश्वासनं, चकरा, "पुढच्या महिन्यात बघू" यांनी हे घड्याळ थांबत नाही.

ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं दोनच प्रकारे: मुदत संपायच्या आत त्यांनी लेखी आणि सहीने कबूल केलं की ही रक्कम ते तुम्हाला देणं लागतात, किंवा त्यातली काही रक्कम दिली आणि त्याची लेखी नोंद आहे. म्हणून वर म्हटलं की "देय आहे पण क्लायंटकडून बाकी आहे" हे पत्रसुद्धा मोलाचं. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये ऑडिटसाठी बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र येतं. बहुतेक जण न वाचता सही करून पाठवतात. त्यात रिटेन्शनची ओळ आहे का बघा. नसेल तर हाताने लिहून "याव्यतिरिक्त रिटेन्शन रु. इतके देय" असं टाका, आणि त्यांच्या सहीची प्रत परत मागा. रिटेन्शन वगळलेल्या शिलकेवर तुमचीच सही गेली, तर तोच कागद पुढे तुमच्या तोंडावर मारतात.

इथे थांबा आणि माणूस गाठा

पुढचं स्वतः करू नका.

डीएलपी संपून दोन वर्षं झाली आणि हातात लेखी कबुली नसेल, तर वकील. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात गेलात तर त्याच्याही हातात फार काही उरत नाही. वर्क ऑर्डरमध्ये लवादाचं कलम असेल तर साधी कायदेशीर नोटीस वेगळी आणि लवाद सुरू करण्याची नोटीस वेगळी. मुदतीच्या दृष्टीने दुसरी महत्त्वाची. तिचा मसुदा इंटरनेटवरून उचलू नका.

पैसे देण्याआधी स्टॅम्प पेपरवर "आमचे कोणतेही येणे बाकी नाही" अशी नो क्लेम मागितली आणि त्यांनी मान्य केलेली रक्कम तुमच्या हिशोबापेक्षा बरीच कमी असेल, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. रक्कम पूर्ण असेल तर नो क्लेम द्यायला हरकत नाही, पण "रक्कम खात्यात जमा झाल्यावर हा दाखला लागू होईल" ही ओळ टाकून.

उद्यम नोंदणी आहे म्हणून एमएसएमईच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जायचा सल्ला कुणी देईल. तिथे व्याज भारी लागतं हे खरं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. पण साहित्य आणि मजुरी एकत्र असलेल्या कामांना, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्टला, एमएसएमईचा कायदा लागू नाही अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. तुमची ऑर्डर त्यात मोडते का, हे वकीलच सांगेल. अर्ज टाकून वर्षभर तिथे बसलात आणि तो फेटाळला गेला तर लिमिटेशनचं वर्ष हातचं जायचा धोका असतो. मेन कॉन्ट्रॅक्टरला एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, ओढायची धमकीही अशीच. तिथे जायला किमान १ कोटीचं येणं लागतं, आणि त्यांच्या कंपनी सेक्रेटरीला ते तोंडपाठ असतं. उलट मेन कॉन्ट्रॅक्टरच दिवाळखोरीत गेल्याची जाहिरात दिसली तर त्याच आठवड्यात वकील किंवा सीए गाठून रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे दावा दाखल करा. त्या वेळी पत्रं, पाहण्या सगळं बाजूला.

रक्कम लहान असेल तर आणखी एक हिशोब मांडावा लागतो. पंचवीस-तीस हजारांसाठी वकील, लवाद, तारखा यांचा खर्च निघत नाही. मी त्या रकमेपर्यंत पत्रं देतो, दोनदा प्रत्यक्ष जातो, आणि मग पुढच्या कामाच्या दरात ते धरतो किंवा त्यांचं पुढचं काम घेत नाही.

आमच्या टॉवरचं काय झालं? पत्र फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलं. १८,००० ची डेबिट नोट त्यांनी लाल डागाच्या फोटोनंतर मागे घेतली, तरी "क्लायंटकडून आलेलं नाही" म्हणून तीन महिने गेले. बँक गॅरंटीचा प्रश्न लेखी विचारल्यावर उत्तर आलं नाही, पैसे आले: १,३६,१२५. पत्रातली ती ओळ असूनही १ टक्का टीडीएस पुन्हा कापला होता. २६एएसची प्रत घेऊन गेलो, अकाउंटंटने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, पण या तिमाहीचं रिटर्न गेलंय, आता दुरुस्ती करावी लागेल." ते १,३७५ यायला आणखी चार महिने लागले.